पाव किलोचे चार पुडे की किलोचा एक? खरं स्वस्त काय पडतं?

गवती_चहा:
मंडळी, एक फालतू वाटेल असा प्रश्न आहे पण काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये. आमच्याकडे महिन्याला साधारण किलोभर चहा पावडर लागते (सासरे, नवरा आणि येणारेजाणारे, मी फक्त दोनदा पिते हे नोंदवून ठेवा). लग्न झाल्यापासून मी डोळे झाकून किलोचा पुडा आणते कारण मोठा पुडा स्वस्त पडतो हे आईने डोक्यात भरवलंय. काल मार्टमधे गेले तर त्याच कंपनीचा, तोच चहा, पाव किलोचा पुडा एमआरपी १५० चा १३२ ला लावलेला. किलोचा एमआरपी ५८०, तो ५५५ ला. मी तिथेच उभी राहून १३२ गुणिले ४ केलं तर ५२८ आले. म्हणजे किलोमागे २७ रुपये कमी! वर्षाचे सव्वातीनशे झाले हो. हे असं उलटं कसं असू शकतं? माझं काही चुकतंय का? आणि प्रत्येक वस्तूला असं बघत बसायचं म्हटलं तर वाणसामानाला अख्खा रविवार जाईल, तुम्ही कसं बघता?

बोरिवलीकर:
आम्ही बघत नाही, बायको बघते. मी ट्रॉली ढकलतो.

पमाकाकू:
चहा सुट्टाच घ्यावा गं. पॅकेटातला चहा म्हणजे निम्मा भुसा. आमच्या इथे मार्केटमधे ममरी मिळते, दोन प्रकार मिसळून घ्यायच्या, एक रंगाला एक वासाला. वेलची त्यातच टाकून ठेवायची.

गवती_चहा:
काकू, चहा कुठला चांगला हे नव्हतं विचारलं :) एकाच चहाचे दोन पुडे, स्वस्त कुठला एवढंच.

पमाकाकू:
तेच सांगतेय, सुट्टा स्वस्त.

गणप्या_गणिते:
एवढी आकडेमोड कशाला? आता प्रत्येक पाकिटावर कायद्याने ग्रॅमचा भाव छापलेला असतो. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात यूएसपी लिहिलेलं असतं, युनिट सेल प्राइस. दोन पाकिटं शेजारी धरा, ज्याचा आकडा लहान ते उचला. विषय संपला.

किराणा_घराणं:
विषय संपला नाही भाऊ. मी दुकानदार, तिसरी पिढी. ते छापलेलं यूएसपी एमआरपीवर काढलेलं असतं. गिऱ्हाईक एमआरपीला माल घेतंय कुठे? एका पुड्यावर १८ रुपये सूट, दुसऱ्यावर २५, तर छापलेल्या आकड्याचा उपयोग काय? फार तर कंपनीने मुळात भाव कसा लावलाय ते कळतं, तुमच्या बिलात काय लागणार ते नाही.

आणि ताईंचं "उलटं कसं" ते सांगतो. जो पुडा जास्त खपतो त्यावर कंपनी स्कीम जास्त देते. चहात आमच्याकडे पाव किलो सगळ्यात जास्त जातो, म्हणून डझनावर एक फुकट वगैरे स्कीमा त्याच्यावरच येतात. मार्टवाला ती सूट पुढे सोडतो, लोकांना आत खेचायला. किलोचा पुडा घेणारा माणूस भाव विचारत नाही, तो सवयीने घेतो. राग नका मानू पण तुम्हीच म्हणालात डोळे झाकून आणते म्हणून.

गवती_चहा:
रागबिग नाही, खरंच आहे ते. बरं, गणप्यांनी सांगितलं म्हणून घरातले दोन्ही पुडे काढून बघितले (हो, काल एक छोटा आणलाच, आणि किलोचा जुना अजून संपायचाय). छोट्यावर यूएसपी सापडलं, ०.६३ रुपये ग्रॅमला असं आहे. किलोच्या पुड्यावर मात्र भिंग घेऊन शोधलं तरी नाही. हे बेकायदेशीर का?

काकडी_कोशिंबीर:
भिंग घेऊन चहाचा पुडा बघणाऱ्या सुनेकडे बघणारे सासरे डोळ्यासमोर आले =))

तराजू:
मी पंचवीसेक वर्षं मसाल्याच्या पॅकिंग युनिटमधे होतो, वजनमापेवाल्यांशी रोजचा संबंध, म्हणून लिहितो.

किलोच्या पुड्यावर नसणं बेकायदेशीर नाही. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा भाव छापायचा, किलोच्या वरचं असेल तर किलोचा. आता बरोबर एक किलोच्या पुड्याचा किलोचा भाव म्हणजे त्याची एमआरपीच की. दोन्ही आकडे एकच आले तर वेगळं छापायची गरज नाही. त्यामुळे तुमच्या पुड्यावर ५८० एमआरपी हेच यूएसपी धरा. यातच एक घोळही आहे, अर्ध्या किलोच्या पाकिटावर ०.५८ दिसतं आणि दोन किलोच्यावर ५६०, आणि माणूस गोंधळतो. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणलं की दोन्ही एका पातळीवर येतात.

पण मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही म्हणताय छोटा पुडा पाव किलोचा, एमआरपी १५०. १५० भागिले २५० म्हणजे ०.६० यायला हवं. तुम्हाला ०.६३ कुठून दिसलं? एकतर वाचण्यात चूक आहे, नाहीतर तो पुडा २५० ग्रॅमचा नाहीच. ०.६३ यायचं तर वजन २३६ ते २४० च्या मधे कुठेतरी असलं पाहिजे. निव्वळ वजन वाचलं होतंत, की पुडा बघून पाव किलो धरलंत?

बोरिवलीकर:
शेरलॉक होम्स वाणसामानवाले __/\__

गवती_चहा:
थांबा थांबा. पुडा वर ठेवलाय, सासऱ्यांचा चहा झाला की बघते.

नागपुरी_सावजी:
तोवर माझी केस ऐका. ग्रॅमचा भाव बघूनच मी फसलो. मागच्या पावसाळ्यात कणिक घेतली, ५ किलोची पिशवी २३० ला आणि १० किलोची ४३०. मी हुशार, ४६ आणि ४३, किलोमागे ३ रुपये वाचले म्हणून दहाची घेतली. घरात आम्ही दोघं, त्यात बायको माहेरी गेली महिनाभर. परत आली तर पिशवीत जाळ्या आणि पोरकिडे, दोनेक किलो तरी फेकली असेल. चाळून खाऊ म्हटलं तर जी काही बोलणी खाल्ली ती कणकेपेक्षा जास्त होती.

मुक्काम_श्टुटगार्ट:
@सावजी, तुमचा हिशोब पुढे नेतो. दहाच्या पिशवीत तुमचे एकूण वाचले ३० रुपये (पाचच्या दोन घेतल्या असत्या तर ४६० लागले असते). पाचच्या पिशवीच्या ४६ रुपये किलोच्या हिशोबाने ३० रुपयांची कणिक म्हणजे ६५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे साडेसहाशे ग्रॅमपर्यंत वाया गेली तरी बरोबरी, त्याच्यापुढे तोटा. तुम्ही दोन किलो फेकली म्हणजे ८ किलो खाल्ली ४३० ला, पावणेचोपन्न रुपये किलो पडली.

इकडे जर्मनीत हे सगळं शेल्फवरच लिहिलेलं असतं. किमतीच्या चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव. आधी छोट्या पाकिटांना १०० ग्रॅमचा भाव लिहिलेला चालायचा, २०२२ च्या मे पासून किलो किंवा लिटरच पाहिजे असं केलंय, त्यामुळे डोक्यात गुणाकार करावा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे तो भाव दुकान ज्या किमतीला विकतंय त्याच्यावर काढलेला असतो, एमआरपी हा प्रकारच इकडे नाही. सूट लागली की चिठ्ठी बदलते, खालचा आकडाही बदलतो.

गणप्या_गणिते:
आलं. प्रत्येक धाग्यावर "आमच्या जर्मनीत" येतंच.

मुक्काम_श्टुटगार्ट:
विचारलं नाही तरी सांगायची सवय मी पुण्यातूनच घेऊन आलोय.

काकडी_कोशिंबीर:
=)) =))

अण्णा_वाडेकर:
मी कॅल्क्युलेटर वापरत नाही, मोबाईलचे आकडे मला चष्म्यातूनही दिसत नाहीत. आमच्या वडिलांची पद्धत सांगतो. छोट्या पाकिटाचा एक सोपा तुकडा पाडायचा आणि त्या तुकड्याने मोठं पाकीट मोजायचं. परवाच नातवासाठी जॅम घेत होतो, १८० ग्रॅम ९९ रुपये आणि ४७५ ग्रॅम २६५ रुपये. आकडे असे वेडेवाकडे की पोरं हात टेकतात. मी काय केलं, १८० मधे वीस-वीसचे नऊ तुकडे, ९९ मधे अकराचे नऊ. म्हणजे वीस ग्रॅमला अकरा रुपये. आता ४७५ मधे वीस किती वेळा, चोवीसला थोडं कमी. चोवीस अकरा दोनशे चौसष्ट, त्यातून थोडे कमी करा, २६१ च्या आसपास. मोठी बाटली २६१ ला असती तर बरोबरी. ती २६५ ला आहे, म्हणजे मोठी महाग. छोटी घेतली. नातवाने दोन दिवसात संपवली आणि परत आणायला पाठवलं तो भाग वेगळा.

सोनचाफा:
अण्णा तुम्ही ग्रेट आहात!! मला एवढं जमणार नाही, मी फोनवर किंमत भागिले ग्रॅम करते पण ०.५५ आणि ०.५५७ असलं काहीतरी येतं आणि वाटतं जाऊदे सारखंच आहे.

तराजू:
म्हणून शेवटी हजाराने गुणायचं. ०.५५ आणि ०.५५७ सारखे वाटतात, ५५० आणि ५५७ वाटत नाहीत.

छापलेल्या यूएसपीतही हीच अडचण आहे, कारण ते दोन दशांशांपर्यंतच असतं. चहासारख्या महाग मालाला चालून जातं, मिठाला नाही. अर्धा किलो मीठ १४ रुपयाला असेल तर खरा भाव ०.०२८, छापतात ०.०३. आता ०.०३ म्हणजे किलोला २५ पण असू शकतात आणि ३४ पण. दोन पाकिटांवर ०.०३ दिसलं म्हणून भाव सारखा समजू नका. स्वस्त मालात छापील आकडा सोडून द्या आणि स्वतः भागा.

चक्रमादित्य:
मी उलटं करतो, ग्रॅम भागिले रुपये. म्हणजे एका रुपयात किती ग्रॅम येतात ते. दशांशाचा त्रास कमी. पण एकदा घाईत विसरलो की यात आकडा मोठा तो स्वस्त असतो आणि वर्षभर महागातला डिटर्जंट आणला. वर बायकोला पटवूनही दिलं होतं.

बोरिवलीकर:
यासाठीच मी ट्रॉली ढकलतो.

गवती_चहा:
आले. तराजूकाका, कुठे राहता सांगा, चहा पाजते. पुड्यावर निव्वळ वजन २४० ग्रॅम आहे!! दोनशे चाळीस! पुडा तसाच, रंग तसाच, उंची तशीच, आणि मी न वाचताच पाव किलोचा धरून बसले. १५० भागिले २४० म्हणजे ०.६२५, त्याचंच ०.६३ झालंय.

म्हणजे माझे ते चार पुडे मिळून ९६० ग्रॅमच होतात. १३२ भागिले २४० केलं तर किलोला ५५० आले. किलोचा पुडा ५५५. म्हणजे २७ रुपयांची बचत ५ रुपयांवर आली. सव्वातीनशेची स्वप्नं बघत होते, साठ रुपये निघाले.

किराणा_घराणं:
हे २४० आता सगळीकडे दिसेल. किंमत वाढवली की गिऱ्हाईक ओरडतं, दहा ग्रॅम काढले तर कोणी बघत नाही. दहा रुपयाच्या बिस्किटाचं तेच, दहा रुपये तसेच राहतात आणि पुडा बारीक होत जातो.

सोनचाफा:
पण हे चालतं कसं? पूर्वी ५०, १००, २५०, ५०० अशीच पाकिटं असायची ना?

तराजू:
असायची, कारण तसा नियम होता. चहा, कॉफी, बिस्किटं, मीठ, खाद्यतेल, डाळी अशा ठराविक मालाची यादी होती आणि तो माल ठराविक वजनांतच पॅक करायचा. २०२१ च्या नोव्हेंबरात नियमांत बदल करून ती यादीच काढून टाकली आणि त्याच दुरुस्तीत यूएसपी छापणं सक्तीचं केलं. विचार असा की वजन काय हवं ते ठेवा पण ग्रॅमचा भाव दाखवा, गिऱ्हाईक बघून घेईल. आता गिऱ्हाईक बघतं का, हे वर दिसलंच. त्यामुळे २४० ग्रॅमचा पुडा गैर नाही, त्यावर २४० छापलंय तोवर. वजन छापल्यापेक्षा कमी भरलं तर मात्र तक्रार करता येते.

पमाकाकू:
वजनावरून आठवलं. आमच्या जवळचा मिठाईवाला खोक्यासकट तोलायचा. जाड पुठ्ठ्याचं खोकं, आठशे रुपये किलोची काजूकतली. मी एकदा रिकामं खोकं काट्यावर ठेवायला लावलं, ७० ग्रॅम भरलं. म्हणजे छप्पन रुपयांचा पुठ्ठा. तेव्हापासून मी स्टीलचा डबा घेऊन जाते, आधी डबा ठेव, काटा शून्य कर, मग भर.

गवती_चहा:
काकू हे मस्त, आणि चक्क विषयाला धरून.

पमाकाकू:
मी पहिल्यापासून विषयाला धरूनच बोलतेय. सुट्टा घे.

नागपुरी_सावजी:
तेलाचं कोणी बोललं नाही. परवा दोन पिशव्या शेजारी होत्या, एक लिटरची आणि एक ८५० ग्रॅमची. बायको म्हणाली ग्रॅमवाली १० रुपयांनी स्वस्त. मला वाटतं लिटर म्हणजे हजार ग्रॅमच ना?

मुक्काम_श्टुटगार्ट:
पाण्याचा लिटर. तेल हलकं असतं, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे ८५० च्या पिशवीत लिटरपेक्षा साठेक ग्रॅम तेल कमी.

तराजू:
बरोबर. पिशवीवर लिटरसोबत ग्रॅममधेही वजन छापलेलं असतं, ग्रॅमची ग्रॅमशीच तुलना करा. लिटरवालं तेल १४० ला असेल तर ग्रॅमला साधारण १५.४ पैसे, ८५० वालं १३० ला असेल तर १५.३. दहा रुपयांचा फरक दिसतो तो जवळजवळ सगळा कमी तेलाचा आहे.

चक्रमादित्य:
शांपूबद्दल एक शंका. दोन रुपयाच्या पुड्या घेतल्या तर बाटलीपेक्षा मिलीचा भाव बराच कमी येतो, मी दोन-तीन ब्रँडचं काढून बघितलंय. पण आमची बहीण म्हणते पुडीतला शांपू पातळ असतो. खरं का?

किराणा_घराणं:
भाव कमी येतो हे खरं, हॉस्टेलची पोरं माळच्या माळ नेतात. पातळचं मला माहीत नाही, माझे केस गेले.

सोनचाफा:
मला तर वाटतं पातळ असतो. फेस कमी येतो.

चक्रमादित्य:
फेस कमी येतो कारण पुडीत बसतोच तेवढा. बाटलीतून आपण तळहातभर ओततो.

सोनचाफा:
नाही हो, दोन पुड्या लावूनपण.

काकडी_कोशिंबीर:
यावर वेगळा धागा काढा, इथे चहा उकळतोय.

गणप्या_गणिते:
माझं चुकलं हे मान्य करतो, नुसतं छापलेलं बघून चालत नाही. छापील आकड्यांवर छोटा ६३० आणि मोठा ५८०, म्हणजे मोठा पन्नास रुपयांनी स्वस्त. काउंटरवर ५५० आणि ५५५, म्हणजे छोटा स्वस्त. निकाल उलटाच लागला. पण एक सांगा, त्या छापील ०.६३ मुळेच वजनाची चोरी पकडली गेली ना? मग अगदी निरुपयोगी नाही.

तराजू:
हे मान्य. आणि चोरी नको म्हणू, छापलेलं होतं.

अण्णा_वाडेकर:
पाच रुपयांसाठी चार पुडे कापायचे, चार वेळा डब्यात ओतायचे, आणि दर वेळी चिमूटभर ओट्यावर सांडायचं. मी असतो तर किलोचाच घेतला असता. शिवाय ९६० ग्रॅममधे तुमचा महिना अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांचा होईल.

किराणा_घराणं:
उलट आहे अण्णा. किलोचा पुडा उघडला की महिनाभर हवा लागते, शेवटच्या आठवड्यात वास राहत नाही. छोटे एकेक करून उघडले तर चहा ताजा. पाच रुपये बाजूला ठेवा, मी त्यासाठी छोटा घेईन.

अण्णा_वाडेकर:
घट्ट झाकणाचा डबा घ्या मग.

किराणा_घराणं:
तोही आहे दुकानात, कितीचा देऊ?

गवती_चहा:
(पाच दिवसांनी) अपडेट. काल परत गेले, या वेळी ठरवून चार छोटे आणायला. तर २४० वाला १३२ चा १३९ झालाय, ती ऑफर विकेंडपुरतीच होती म्हणे. किलोचा ५५५ लाच. तिथेच उभं राहून १३९ भागिले २४० गुणिले हजार केलं, ५७९ आले. मुकाट्याने किलोचा उचलला. माझ्या मागच्या बाई विचारत होत्या, काय बघताय एवढं, एक्सपायरी का? त्यांना २४० दाखवलं तर त्यांनी ट्रॉलीतले दोन पुडे काढून परत वाचले.

सासऱ्यांना सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, आधी साखर मोजून टाकायला लाग.

पमाकाकू:
सुट्टी साखर पण स्वस्त मिळते.